निपाणीची गाडी: नासक्या अंड्याचा वास आणि मेलेलं पिकअप

18 नोव्हेंबर 2024

निपाणीचे एक प्राध्यापक गाडी घेऊन आले. 2018 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, चार सिलिंडर, नंबर केए-23, किलोमीटर 78 हजारांच्या वर. दोन तक्रारी. गाडी चढाला ओढत नाही आणि मागून नासक्या अंड्यासारखा वास येतो. सरांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण त्यात बरंच काही सापडतं: "तवंदीच्या चढाला दुसऱ्यावर यावं लागतं हो. आता उसाचा हंगाम, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. एकाला मागं टाकायचं म्हटलं तर समोरचा ट्रक पोचेपर्यंत आपली गाडी अजून ट्रॉलीच्या बरोबरीलाच. आणि घाट चढून सिग्नलला थांबलं की आत वास."

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. गेल्या वर्षी दुसरीकडे हेच दुखणं दाखवलं होतं. तिथं सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर जाम झालाय म्हणून नवा बसवून दिला. गाडी महिनाभर झकास पळाली, मग हळूहळू परत तेच.

नवा कन्व्हर्टर वर्षभरात मेला, याचा अर्थ त्याला कोणीतरी मारतंय. म्हणून कामाचा क्रम आजच ठरवला: आधी मारणारा शोधायचा, कन्व्हर्टरला हात नंतर.

संध्याकाळी एवढंच पाहिलं की वास नक्की कुठून येतोय. हे आधी करायचं कारण बॅटरी जास्त चार्ज होत असेल तरी हाच वास येतो. रेग्युलेटर बिघडून 15 व्होल्टच्या वर गेलं की बॅटरी उकळते आणि बॉनेटखाली तसाच दर्प सुटतो. इथं चार्जिंग 14.2 निघालं, बॅटरीची कड कोरडी, बॉनेटखाली काही नाही. वास सायलेन्सरच्या तोंडाशीच. बॅटरी बाद.

19 नोव्हेंबर

स्कॅनर लावला. P0420 पक्का, P0172 पेंडिंगमध्ये. पहिल्याचा अर्थ कन्व्हर्टर आपलं काम करत नाही, दुसऱ्याचा अर्थ मिक्स्चर रिच आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. बहुतेक ठिकाणी पहिला कोड वाचून कन्व्हर्टर विकला जातो आणि पेंडिंगवाल्याकडं कुणी बघत नाही. यंदा उलटं वाचायचं.

वासाचं गणित पोराला समजावून सांगितलं, तेच इथं उतरवतो. पेट्रोलमध्ये गंधक असतंच. बीएस-6 पेट्रोलमध्ये ते दहा लाखांत 10 भागांपेक्षा जास्त नसावं अशी मर्यादा आहे, बीएस-4 च्या वेळी ती 50 होती. जळताना या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. धुरात ऑक्सिजन शिल्लक असला तर हा सल्फर डायऑक्साइड कन्व्हर्टरच्या थरात सल्फेट होऊन साठून राहतो. मिक्स्चर रिच झालं की धुरात ऑक्सिजन उरत नाही, उलट हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात, आणि त्याच तापलेल्या थरावर साठलेल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड बनून बाहेर पडतो. आपल्या नाकाला हा वायू अब्जात काही भाग इतका थोडा असला तरी कळतो. म्हणून पेट्रोल कितीही स्वच्छ असलं तरी वास येऊ शकतो. पंप बदलून बघा म्हणणारे खूप भेटतात. सरांनीही निपाणीचा पंप सोडून संकेश्वरला भरून पाहिलं होतं, फरक शून्य.

इंजिन गरम झाल्यावर आयडलला आकडे घेतले:

```
ECT   88 C
LTFT  -19 %
STFT  -4 ते -6 %
```

2500 आरपीएमवर धरल्यावर LTFT -7 वर आला.

ECT म्हणजे कूलंटची गरमी. LTFT म्हणजे कॉम्प्युटरनं शिकून कायम ठेवलेली पेट्रोलची वाढ किंवा कपात, STFT म्हणजे त्या घडीची; दोन्हींना ट्रिम म्हणतात. दोन्ही मिळून तो आयडलला जवळजवळ चोवीस टक्के पेट्रोल तोडतोय, म्हणजे कुठूनतरी त्याच्या हिशेबाबाहेरचं पेट्रोल आत येतंय. हवेची नळी फुटली असती तर आकडे अधिक चिन्हात गेले असते.

या दोन आकड्यांतला फरक मला जास्त बोलका वाटला. आयडलला उणे एकोणीस आणि रेसवर उणे सातच. पेट्रोलचं प्रेशर सगळीकडं जास्त असतं किंवा मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर चुकीचं सांगत असता तर कपात दोन्हीकडं साधारण सारखी दिसली असती. इथं वाटतंय की आयडल असो वा रेस, जास्तीचं पेट्रोल तेवढंच येतंय. इंजिन कमी पितं तेव्हा ते खूप वाटतं, जास्त पितं तेव्हा त्यात मुरतं.

कूलंट सेन्सरवर संशय घ्यायची पद्धत आहे, कारण तो "इंजिन थंड आहे" असं खोटं सांगत असला तरी पेट्रोल वाढतं. इथं 88 दिसतं आणि वरच्या पाइपला हात लावून गरमीही तेवढीच. तो बाद.

20 नोव्हेंबर

आता कन्व्हर्टर किती जाम आहे ते. तो उघडल्याशिवाय कळण्याचे दोन मार्ग आहेत आणि मी दोन्ही करतो, कारण एकट्यावर विश्वास ठेवून महागडा भाग उतरवायचा नाही.

पहिला मार्ग मॅनिफोल्डचा दाब. चावी ऑन, इंजिन बंद, स्क्रीनवर MAP 92 किलोपास्कल. पुस्तकात 100 च्या आसपास लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथं हवाच एवढी असते. जुन्या व्हॅक्यूम गेजवर काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. पुस्तकातला 18 ते 20 इंचांचा आकडा इथं अडीच इंच कमी करून वाचायचा, नाहीतर धडधाकट इंजिन आजारी ठरतं. किनाऱ्यावरून आलेला एखादा शिकाऊ हमखास इथं अडकतो.

आयडलला 41 निघालं. मग 2500 वर धरून ठेवलं. आधी 33 पर्यंत उतरलं आणि अर्ध्या मिनिटात सरकत सरकत 47 वर गेलं. पॅडल हललेलं नाही, लोड नाही, तरी आत दाब वाढतोय, म्हणजे धूर मागं साठतोय. धुराला वाट मोकळी असेल तर आकडा एकदा बसला की जागचा हलत नाही.

दुसऱ्या मार्गासाठी पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात गेज लावायचा. आटे एम 18, पिच दीड. जुन्या सेन्सरची बॉडी पोकळ करून त्यात तांब्याची नळी बसवायची म्हणून उद्यमबागला लेथवाल्या अण्णांकडं पोराला पाठवलं. पितळेनं डाग देऊन नळी मीटरभर लांब ठेवायला सांगितली, नाहीतर गेजच्या रबरी पाइपचा कोळसा होतो. अण्णांनी "आयतु बिडरी", ठीक आहे सोडा, म्हणून ठेवून घेतलंय.

22 नोव्हेंबर

अडॅप्टर आला, डाग सुरेख बसलाय. सेन्सर काढताना इंजिन कोमट हवं. पूर्ण थंड असेल तर आटे धरून बसतात, उकळतं असेल तर हात भाजतो.

आयडलला 0.12 बार. 2500 वर 0.45 बार. माझा हिशेब असा: आयडलला 0.1 च्या आत आणि 2500 वर 0.2 च्या आत असेल तर वाट मोकळी. इथं दुपटीहून जास्त. धूर बाहेर पडत नाही, म्हणून पुढच्या स्ट्रोकला ताजी हवा आत शिरायला जागा नाही, म्हणून पिकअप नाही. तवंदीच्या चढाचं कोडं सुटलं.

इन्फ्रारेड गन घेऊन कन्व्हर्टरची पुढची-मागची गरमी मोजायची एक पद्धत आहे. पोरानं मोजली. पत्र्याच्या चकाकीवर गनचे आकडे वाटेल तसे उड्या मारतात, वहीत घेण्यासारखं काही मिळालं नाही.

25 नोव्हेंबर

आज जास्तीचं पेट्रोल शोधायला बसलो.

टाकीच्या वाफा इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह आधी. तो उघडा अडकला तरी आयडलला जास्त आणि रेसवर कमी असाच नमुना दिसतो. त्याची नळी चिमट्यानं दाबून धरली, ट्रिम जागचे हलले नाहीत. बाद.

मग चारही प्लग काढून कपड्यावर क्रमानं ठेवले. एक, दोन आणि चारची टोकं पांढुरकी, जवळजवळ खडूसारखी. तीन नंबरचा प्लग काजळीनं मखमली काळा, बोट फिरवलं की ठसा उमटतो, आणि नाकाशी धरला तर पेट्रोलचा वास. पोरगा म्हणाला, "मामा, गाडी रिच आहे तर हे तीन पांढरे कसे?"

प्रश्न नेमका आहे. ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरांचा धूर एकत्र झाल्यावर बघतो, त्याला सरासरी कळते. तीन नंबर जास्त पितोय हे त्याला माहीत नाही. तो सरसकट चौघांचं पेट्रोल कापतो. सासूनं एका सुनेच्या उधळपट्टीवरून सगळ्या घराचं तूप बंद करावं तसं. त्यात एक, दोन, चार उपाशी राहतात आणि तीन नंबर तरीही भरलेलाच.

कन्व्हर्टर का मरतोय याचं उत्तरही इथंच आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. नुसतं रिच मिक्स्चर कन्व्हर्टरला तितकं तापवत नाही, कारण तिथं जाळायला ऑक्सिजनच नसतो. पण इथं तीन नंबरमधून अर्धवट जळलेलं पेट्रोल येतंय आणि बाकी तिघांकडून न वापरलेला ऑक्सिजन. दोघांची गाठ कन्व्हर्टरच्या जाळीवर पडते आणि जे सिलिंडरात जळायला हवं ते तिथं जळतं. कन्व्हर्टर एरवी चारशे ते आठशे अंशांत काम करतो. आतली जाळी कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची असते, ती साधारण साडेचौदाशे अंशांना वितळते. घाटात लोड असताना तिथपर्यंत मजल जायला वेळ लागत नाही.

एक जुनी सवय इथं सोडायला हवी. कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायला चालू इंजिनात प्लगची वायर उपटून बघतात. कन्व्हर्टर नसलेल्या काळात ते ठीक होतं. आता त्या सिलिंडरचं सगळं कच्चं पेट्रोल तापलेल्या जाळीवर जाऊन पडतं. बंद करायचंच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. आणि इंजेक्टरच गळत असेल तर कनेक्टर काढूनही गळती थांबत नाही, तेव्हा तो खेळ नकोच.

ऑइलची पट्टी बघितली. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि वास पेट्रोलचा. सर म्हणाले होते की गाडी ऑइल अजिबात पीत नाही. पीत नव्हती असं नाही, वरून भर पडत होती.

26 नोव्हेंबर

इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवर प्रेशर गेज. पंप चालू 2.9 बार, म्हणजे बरोबर. चावी बंद केल्यावर ते टिकायला हवं, पाच मिनिटांनीही दोनच्या वर. इथं मिनिटभरातच एकच्या खाली. सकाळी किंवा जेवणानंतर गाडी सुरू करताना जरा जास्त स्टार्टर मारावा लागतो, हे सरांनी सांगितलं होतंच.

प्रेशर पडण्याचं कारण टाकीतल्या पंपाचा चेक व्हॉल्व्हही असू शकतो. तो गळला तर पेट्रोल टाकीत परत जातं, सिलिंडरात नाही, आणि मिक्स्चर बिघडत नाही. तेव्हा दोघांतला फरक डोळ्यांनी बघणं बरं. या गाडीची लाइन कडक नायलॉनची आहे, चिमटा लावला तर तडकेल. म्हणून रेल सरळ वर उचलली, चारही इंजेक्टर रेलमध्येच, क्लिपा जागच्या जागी, विजेचे कनेक्टर काढलेले. खाली पांढरा कागद.

हे काम करताना इंजिन थंड, इग्निशनच्या कॉइलचे कनेक्टर काढलेले, अग्निशामक हाताशी, शटर पूर्ण वर. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला चहाला धाडलं. यात गंमत नाही.

चावी ऑन. एक, दोन, चारची तोंडं कोरडी. तीन नंबरच्या टोकावर आधी ओलसर चकाकी आली, मग थेंब फुगत गेला, सुटला, आणि लगेच दुसरा. चावी पुन्हा पुन्हा फिरवून प्रेशर राखलं, पोरानं मोबाइलवर वेळ लावून थेंब मोजले: मिनिटाला चाळीसच्या आसपास.

वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला दोन, तासाला 120 मिलिलिटर. एवढं इंजिन आयडलला तासाला साधारण 650 मिलिलिटर पितं. 120 म्हणजे अठरा टक्के. 2500 वर विनालोड ते 1.8 लिटरच्या घरात पितं, तिथं 120 म्हणजे साडेसहा टक्के. परवाच्या स्क्रीनवरचे 19 आणि 7 कागदावरच्या थेंबांनी जुळवून दिले. थेंबाचा आकार आणि पिण्याचा अंदाज दोन्ही ढोबळ आहेत, पण इतकं जवळ आलं की दुसरा गुन्हेगार शोधायची गरज नाही.

आणि सगळे थेंब एकाच सिलिंडरात. आयडलला एका सिलिंडरच्या वाट्याला तासाला 160 मिलिलिटर यायला हवेत. कॉम्प्युटरनं कापल्यावर तिथं 130 येतात, त्यात हे 120. म्हणजे तीन नंबर दीडपटीहून जास्त पेट्रोल पितोय. आयडलला बॉनेट थरथरत होतं ते यामुळंच. मिसफायरचा कोड आला नाही, कारण तो पेटत होता, फक्त कसाबसा.

27 नोव्हेंबर

इंजेक्टर सफाईवाल्याकडं दिले. अल्ट्रासॉनिकमधून काढून बेंचवर लावले. तिघांचा फवारा एकसारखा, तीन नंबर सफाईनंतरही गळतोच. भिंगातून बघितलं तर सुई बसते त्या कडेवर ओरखडा आहे. त्याच्या वरच्या बारीक जाळीत तांबूस गाळ अडकलेला. असा ओरखडा धुऊन जात नाही, नवाच घालायचा. गाळ टाकीकडून आला असणार म्हणून पंपाची असेंब्लीही उतरवली. तळाशी तसाच गाळ, गाळणी एका बाजूनं फाटलेली. टाकी धुतली, गाळणी नवी.

तीन नंबरचं कॉम्प्रेशन बघून घेतलं, बाकी तिघांच्या बरोबरीचं. पेट्रोलनं भिंत धुऊन रिंगा खराब झाल्या असत्या तर खर्च वेगळाच होता.

28 नोव्हेंबर

सरांना फोन. कन्व्हर्टरची किंमत ऐकून त्यांनी जे विचारलं ते सगळेच विचारतात: "मिस्त्री, ती जाळीच फोडून टाकली तर? आमच्याकडं एक जण करून देतो म्हणतो, डबा तसाच राहतो, कुणाला कळत नाही."

कळतं. कॉम्प्युटर मागच्या सेन्सरवरून जाळी काम करते का ते तपासतो, P0420 कायमचा पेटून राहील. पीयूसीला बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतं, ते पोकळ डब्यातून व्हायचं नाही. आणि कायद्यानं तो बेकायदा फेरफार आहे. आमच्या गॅरेजला हे काम होत नाही, एवढं स्पष्ट सांगितलं. सर हसले, म्हणाले, "मी विचारलं नसतं तर मेव्हण्यानं विचारलं असतं."

कन्व्हर्टर मागवायला होकार मिळाला. पण माझी अट सांगून ठेवली: आधी इंजेक्टर, आणि ट्रिम शून्याजवळ आल्याशिवाय नवा डबा गाडीला लागणार नाही.

30 नोव्हेंबर

नवा इंजेक्टर, चौघांचे ओ-रिंग नवे, प्लग नवे, ऑइल आणि फिल्टर बदलले. जुनं ऑइल पाण्यासारखं पातळ. कॉम्प्युटरमधले शिकलेले ट्रिम पुसले. हे विसरलं तर तो जुन्या सवयीनं पेट्रोल कापत राहतो आणि गाडी पहिल्या दिवशी कोरडी धावते.

जुनाच जाम कन्व्हर्टर ठेवून आयडलला सोडली. अर्ध्या तासानं LTFT +2, STFT शून्याच्या दोन्ही बाजूंना. चावी बंद केल्यावर दहा मिनिटांनीही प्रेशर 2.5. थरथर गेली. पुढचा सेन्सर 0.1 ते 0.8 व्होल्ट असा झपाझप वर-खाली होतोय, म्हणजे काजळी खाऊनही तो शाबूत आहे, बदलायची गरज नाही. मागचा सेन्सर मात्र पुढच्याची नक्कल करतोय. कन्व्हर्टर जिवंत असता तर तो एका जागी स्थिर राहिला असता.

वास गेला. पिकअप अर्थातच नाही, वाट अजून बंदच आहे. हे दोन रोग वेगळे होते आणि एकानं दुसरा आणला होता, ते आज समोरासमोर दिसलं.

4 डिसेंबर

कन्व्हर्टर आला. जुना उतरवून टॉर्च मारला. जाळीचं पुढचं तोंड मधोमध वितळून काचेसारखं गुळगुळीत झालंय, भोकं मिटलेली. कडेनं थोडी उघडी आहेत, तेवढ्यातूनच गाडी श्वास घेत होती. हलवल्यावर आत खुळखुळ वाजतं, म्हणजे तुकडाही पडलाय.

तुकडा पडला असेल तर पुढची पाइप आणि मागचा सायलेन्सर बघितल्याशिवाय नवा डबा लावू नये. तुकडे धुराबरोबर मागं जाऊन सायलेन्सरच्या आतल्या भोकांवर बसतात, आणि मग नवीन कन्व्हर्टर लावूनही पिकअप येत नाही. मग दोष नव्या डब्याला दिला जातो. मधली पाइप उभी धरून ठोकली, बोटाच्या पेराएवढे दोन-तीन तुकडे आणि पांढरी भुकटी निघाली. सायलेन्सर मोकळा आहे.

नवा बसवला, गास्केट नवे, सेन्सरच्या आट्यांना थोडी अँटिसीझ पेस्ट, टोकाला लागू न देता. त्याच अडॅप्टरनं परत मोजलं: आयडलला गेजचा काटा जेमतेम हलतो, 2500 वर 0.08 बार. MAP 2500 वर 31 ला बसला आणि तिथंच राहिला.

6 डिसेंबर

सरांना बरोबर घेऊन वंटमुरी घाटापर्यंत. होनग्यापासूनच उसाच्या ट्रॉल्या लागल्या. जाताना मीच चालवली, येताना त्यांना दिली. चढाला चौथ्यावर ओढते. सरांनी एक ट्रॉली मागं टाकली आणि मग गरज नसताना दुसरीही.

घाट उतरून थांबलो तेव्हा किंचित वास आला आणि सरांचा चेहरा पडला. त्यांना सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण याच भीतीनं लोक पंधरा दिवसांत परत येतात. नव्या कन्व्हर्टरलाही सुरुवातीला थोडा वास येऊ शकतो, खास करून लांब चढानंतर उतारावर पाय सोडून मग आयडलला आलं की. उतारावर पेट्रोल बंद असतं, नुसती हवा जाते, तेव्हा गंधक साठतं. पुन्हा आयडल सुरू होताना क्षणभर रिच होतं तेव्हा ते सुटतं. असा वास येतो आणि जातो. थांबलेल्या गाडीत सतत येत राहिला, किंवा आयडलला LTFT पुन्हा उणे दहाच्या पलीकडं गेला, तर गाडी घेऊन यायची. पिकअप पडायची वाट बघायची नाही, कारण तोवर जाळी गेलेली असते.

21 डिसेंबर

सर पीयूसी करून परस्पर गॅरेजला आले. कार्बन मोनॉक्साइड 0.05, हायड्रोकार्बन 40 च्या खाली, लॅम्डा 1.00. आयडलला LTFT +1, कोड एकही नाही. मागचा सेन्सर 0.65 व्होल्टच्या जवळपास स्थिर. ऑइलची पातळी भरली तिथंच, वर चढलेली नाही. एवढा सगळा खटाटोप एका इंजेक्टरपायी. तो दोन-अडीच हजारांचा आणि कन्व्हर्टर त्याच्या कितीतरी पट.

वास पहिल्या आठवड्यात दोनदा आला, नंतर नाही, असं सर म्हणतात. जुना कन्व्हर्टर त्यांनी भंगारासाठी परत मागितला. त्यातल्या धातूला भाव असतो हे मेव्हण्यानं सांगितलंय. दिला. पुढची तपासणी ऑइल बदलाच्या वेळी: ट्रिम, चावी बंद केल्यावरचं रेल प्रेशर आणि टाकीची गाळणी.